जुन्या फॉक्सप्रोचं ऊस बिल नव्या सिस्टीमशी जुळवताना

प्रश्न: आमच्या कारखान्याचं पंधरवडा ऊस बिल अजून डॉसच्या फॉक्सप्रोमधून निघतंय. लिहिणारा माणूस कधीच सोडून गेला, कागदावर एक ओळ नाही. आता ते पायथॉन आणि पोस्टग्रेसवर आणायचंय. गोल्डन मास्टर टेस्ट लावा म्हणाले म्हणून जुन्याचं आउटपुट फाईलमध्ये घेतलं, नव्याशी जुळवलं तर पहिल्याच गावात ढिगानं फरक दिसायलेत. कुठून धरावं?

उत्तर:

नवं कोड आधी बाजूला ठेवा. पहिली तुलना जुन्याची जुन्याशीच करायची असते, आणि ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. तोच पंधरवडा, तोच डेटा, जुन्या प्रोग्रामवर दोनदा चालवा आणि दोन फाईली बाइट टू बाइट जुळवा. जुळल्या नाहीत तर तुमच्याकडं गोल्डन मास्टर नाहीच, नुसती एक प्रिंट आहे, आणि नव्यात दिसणाऱ्या फरकातला कोणता कुणामुळं हे कधीच कळणार नाही.

ऊस बिलाच्या रिपोर्टमध्ये दोन रन न जुळायची कारणं ठरलेलीच असतात. वरती छापलेली तारीख आणि वेळ हे एक. दुसरं जास्त चिवट आहे, ते म्हणजे हे रिपोर्ट नुसते वाचत नाहीत, लिहितात पण. मी लातूर-बीड पट्ट्यात अशी दोन-तीन सिस्टीम आतून बघितली, त्यात बिल छापताना बिल नंबरचा काउंटर पुढं सरकतो, कपातीच्या टेबलात 'वसूल' अशी खूण पडते, आणि एका ठिकाणी तर सोसायटीची बाकीसुद्धा छापतानाच कमी होत होती. म्हणजे दुसऱ्यांदा चालवलं की कपात गायब आणि निव्वळ रक्कम वाढलेली. ऑपरेटरला हे माहीत असतंय, तो म्हणतो "साहेब, बिल एकदाच काढायचं, परत काढलं की गडबड होती", पण का होती ते त्यालाही माहीत नसतंय. त्यामुळं प्रत्येक रनच्या आधी डेटाचा पूर्ण फोल्डर मूळ कॉपीवरून परत टाकायचा. पूर्ण म्हणजे `.DBF` बरोबर `.CDX`, `.FPT`, `.MEM` आणि `CONFIG.FP` सगळं. आणि एक सांगून ठेवतो, कॉपी घ्यायच्या आधी कुणी हौसेनं `PACK` मारू देऊ नका, का ते पुढं येतंय.

तारखेचं काम सोपं आहे. जुना प्रोग्राम व्हर्च्युअल मशीनमध्ये किंवा डॉसबॉक्समध्ये चालवा आणि तिथली तारीख त्या पंधरवड्याच्या बिलाच्या दिवसावर लावा. मग छापलेली तारीख दर वेळी तीच येते. वेळ मात्र सेकंदाला बदलणार, तेवढीच पुसायची. इथं लोक हात सैल सोडतात, एक रेजेक्स लावून फाईलमधल्या सगळ्या तारखा, सगळे बिल नंबर पुसून टाकतात, मग टेस्ट हिरवी होते आणि खुश. पण त्याच पुसण्यात पंधरवड्याची 'पासून-पर्यंत' तारीख पण गेली, आणि नव्या सिस्टीमनं १६ ते ३१ ऐवजी १६ ते ३० धरलं तरी कुणाला दिसणार नाही. माझा नियम असा, की जे गोठवता येतंय ते पुसायचं नाही. डेटा परत टाकला की बिल नंबर आपोआप तेच येतात, तारीख लावली की तारीख तीच येते, शेवटी पुसायला फक्त वेळ उरते:

```python
import re

def saaf(raw: bytes) -> bytes:
    raw, n = re.subn(rb"TIME : \d\d:\d\d:\d\d",
                     b"TIME : HH:MM:SS", raw)
    assert n == raw.count(b"\x0c"), "पानं आणि वेळा जुळत नाहीत"
    return raw
```

खालचा `assert` शोभेला नाही. `\x0c` म्हणजे पान बाहेर ढकलायचा फॉर्म फीड, दर पानाच्या शेवटी एक असतो, आणि वेळ दर पानाच्या डोक्यावर एकदा छापलेली आहे. दोन्ही आकडे जुळले तर पुसणं जिथं व्हायला पाहिजे तिथंच झालं, ना कमी ना जास्त. तुमच्या रिपोर्टमध्ये वेळ फक्त पहिल्या पानावर असेल तर तिथं `n == 1` लिहा.

फाईल बाइट म्हणूनच ठेवायची, टेक्स्ट म्हणून उघडून सेव्ह करायची नाही. त्यात डॉट मॅट्रिक्सचे कोड असतात, अक्षर बारीक करायचा १५, परत मोठं करायचा १८, ठळक करायचे एस्केप कोड. नावं मराठीत असतील आणि जिस्ट कार्डाच्या काळातली असतील तर ती इस्कीमध्ये असतात, ती एडिटरनं युनिकोड समजून सेव्ह केली की कायमची गेली. गिटमध्ये टाकणार असाल तर `.gitattributes` मध्ये त्या फाईलींना `-text` लावा, नाहीतर विंडोजच्या मशीनवर ओळीच्या शेवटाचे बाइट गिटच बदलून ठेवतो आणि तुम्ही दोन दिवस भूत शोधत बसता. वाचायला एक साफ कॉपी वेगळी काढा, त्यात प्रिंटरचे कोड काढले तरी चालतंय, पण मूळ फाईलला हात नाही.

एवढं झालं, जुनं जुन्याशी जुळलं, की मग नवं काढा. अजूनही फरक दिसतीलच, पण आता ते खरे फरक आहेत. ते सगळे एकदम बघायचे नाहीत. एक गाव घ्या, शक्यतो छोटं, आणि पहिला फरक कुठं पडतो तिथंच थांबा, कारण रिपोर्टमध्ये पहिला फरक खालचे शंभर फरक ओढत आणतो.

आता एक प्रत्यक्ष घेऊ. दर २७५० रुपये टन धरा. तीन शेतकरी, वजनं १४.३५०, ९.८७० आणि ११.२३० टन. रक्कम येते ३९,४६२.५०, २७,१४२.५० आणि ३०,८८२.५०. जुन्या बिलावर छापलंय ३९४६३, २७१४३, ३०८८३. नव्यानं छापलं ३९४६२, २७१४२, ३०८८२. तिन्ही एकेक रुपयानं कमी. कारण पायथॉनचा साधा `round` बरोबर अर्ध्यावर आला की जवळच्या सम आकड्याकडं जातो:

```python
>>> round(39462.5), round(27142.5), round(30882.5)
(39462, 27142, 30882)
```

फॉक्सप्रो अर्ध्याला वर ढकलतो. उपाय एका ओळीचा आहे, रक्कम `Decimal` मध्ये ठेवा आणि `quantize` ला `ROUND_HALF_UP` द्या. पण इथं थांबून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. लोक म्हणतात की बरोबर पन्नास पैसे कधीमधीच येतात, दुर्मिळ केस आहे. ऊस बिलात तसं नाही. काटा १० किलोच्या टप्प्यानं वजन देत असेल तर दर टप्प्याला रक्कम २७ रुपये ५० पैशांनी सरकते. म्हणजे एक आड एक वजनाला रक्कम बरोबर पन्नास पैशांवरच येणार, अर्धी बिलं तिथंच. त्यातल्याही अर्ध्यांत दोन्ही पद्धती एकच उत्तर देतात. १२.३७० टन घ्या, रक्कम ३४,०१७.५०, सम आकड्याकडं गेलं तरी ३४०१८ आणि वर ढकललं तरी ३४०१८. म्हणजे ढोबळमानानं चार बिलांत एक चुकतं, बाकीची तीन बरोबर दिसतात. नमुन्याला चार-पाच शेतकऱ्यांची बिलं घेऊन डोळ्यानं ताडून बघणाऱ्याला हे सहज निसटू शकतं. आणि दर २८०० झाला तर टप्पा २८ रुपयांचा, पन्नास पैसे कधी येतच नाहीत, अख्खा फरक अदृश्य. म्हणून गोल्डन मास्टरला पंधरवडे निवडताना एकाच दराचे घेऊ नका.

राउंडिंग दुरुस्त केलं, तिन्ही ओळी जुळल्या, आणि आता गावाची बेरीज जुळेना. नव्याची ९७४८९, जुन्याची ९७४८८. छापलेल्या तीन आकड्यांची बेरीज हातानं करा, ९७४८९ च येते, म्हणजे जुना रिपोर्ट स्वतःच्याच ओळींशी जुळत नाही! मूळ रकमा मिळवा, ९७,४८७.५०, ती वर ढकलली की ९७४८८. आता कळतंय आत काय चाललंय ते. जुना प्रोग्राम रक्कम राउंड करतच नाही, पैशांसकट ठेवतो, फक्त छापताना `PICTURE` किंवा `STR()` मुळं ती पूर्ण रुपयात दिसते, आणि गावाची बेरीज आतल्या पैशांची होते. सोर्स कोड नसतानाही एका रुपयाच्या फरकावरून एवढं निघालं. हा तर्क तपासायला एक चांगला डाव आहे, डेटाच्या कॉपीत त्या तिघांपैकी एकाचं वजन १० किलोनं बदला आणि जुना प्रोग्राम परत चालवा. १४.३५० चं १४.३६० केलं की त्याची रक्कम ३९,४९० पूर्ण येते, ओळींची बेरीज ९७५१६ आणि मूळ बेरीज ९७,५१५. जुन्यानं ९७५१५ छापलं तर तर्क पक्का. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, जुना प्रोग्राम जिवंत आहे तोवर त्याला विचारून घ्यायचं, तो गेल्यावर कुणाला विचारणार.

मग प्रश्न येतो की हे असंच ठेवायचं का सुधारायचं. हे प्रोग्रामरनं ठरवायचं नाही. केन अकाउंटच्या माणसाकडं कागद घेऊन जा. आम्ही गेलो तेव्हा तिथले काका कागदाकडं न बघताच म्हणाले, "आवं ते एक-दोन रुपये येतंच असतंय, बँकेच्या यादीची बेरीज वेगळी येती, फरक आम्ही राउंडिंगला टाकतो." म्हणजे बँकेला जाणारी यादी ओळींवरून बनते, गोषवारा पैशांवरून बनतो, आणि मधला फरक वर्षानुवर्षं एका खात्यात जातोय. ऑडिटला तो दिसलाय आणि मान्य झालाय. नव्या सिस्टीमनं गुपचूप 'बरोबर' बेरीज दिली असती तर त्या खात्याचा ताळेबंद पहिल्याच महिन्यात बोंबलला असता. गोल्डन मास्टर जुनं बरोबर आहे असं म्हणत नाही, जुनं काय करतं एवढंच सांगतो. बदलायचं असेल तर बदला, पण आधी हुबेहूब जुळवा, मग वेगळ्या कमिटमध्ये बदल करा, गोल्डन फाईल त्याच कमिटमध्ये बदला, आणि कुणी हो म्हटलं ते तिथंच लिहा. जुळवणं आणि सुधारणं एकत्र केलं की कोणता फरक आपण केला आणि कोणता झाला हे कळायचं बंद होतं.

दुसरा मोठा फरक क्रमाचा. समजा एका गावात SHINDE DNYANOBA MAHADEO आणि SHINDE DNYANOBA GANPATI असे दोघं आहेत. नवी सिस्टीम नावाप्रमाणं लावते, गणपती आधी, महादेव नंतर. जुन्यात महादेव आधी. बघितलं तर इंडेक्स असा निघतो:

```
INDEX ON VILL + LEFT(NAME,15) TAG VN
```

पहिली १५ अक्षरं मोजा, SHINDE, एक जागा, DNYANOBA, बरोबर १५ झाली. दोघंही प्रोग्रामच्या लेखी सारखेच, मग ज्याचा रेकॉर्ड नंबर लहान तो आधी. `PACK` मारू नका म्हणालो ते अशा कारणांनी. पुसलेले रेकॉर्ड खरोखर निघून गेले की रेकॉर्ड नंबर नव्यानं पडतात. आपसातला क्रम तोच राहतो, पण तुम्ही आधी इम्पोर्ट करताना घेतलेले नंबर आणि आताचे नंबर जुळायचे बंद होतात, आणि खूण करून पुसलेले रेकॉर्ड रिपोर्टमध्ये धरले जात होते का नाही हे तपासायचा पुरावाच जातो. `SET DELETED` चालू होतं का बंद, हे कुणी सांगणार नाही, ते डेटावरूनच कळतं.

नव्यात हे असं आणता येतं:

```sql
ORDER BY vill COLLATE "C",
         left(name, 15) COLLATE "C",
         old_recno
```

`old_recno` हा कॉलम इम्पोर्टच्या वेळीच घ्यावा लागतो, नंतर तो कुठून आणणार. `COLLATE "C"` नाही लावलं तर डेटाबेसच्या लोकेलप्रमाणं जागा आणि टिंबं वेगळी मोजली जातात आणि क्रम परत हलतो. आणि शेवटचा कॉलम नसला तर सारख्या नावांचा क्रम पोस्टग्रेस कसाही देऊ शकतो, आज एक, उद्या दुसरा, टेस्ट अधूनमधून लाल होईल आणि लोक ती सीरियसली घ्यायचं सोडतील. कुणी म्हणेल क्रमाचं एवढं काय, दोन ओळी वरखाली. पण बिल नंबर छापायच्या क्रमानं पडतो. एक जोडी उलटी झाली की त्या दोघांचे बिल नंबर बदलले, एक जण मधे जास्त आला की खालच्या सगळ्यांचे सरकले. तुम्हाला पहिल्या गावात जो ढीग दिसतोय त्यातला मोठा भाग असाच असायची शक्यता लई आहे.

आता कोणता डेटा घ्यायचा. नुसता मागचा एक पंधरवडा घेतला तर त्यात रोजचंच येईल. हंगामाचा पहिला घ्या, शेवटचा घ्या, दर बदललेला एक घ्या, आणि राहिलेलं हातानं तयार करा. त्यातली सगळ्यात महत्त्वाची केस म्हणजे कपात बिलापेक्षा जास्त. सोसायटी, बँक, उचल, बियाणं, अशा कपाती एकामागं एक लागतात आणि पैसे संपले की पुढची कपात किती घेतली, अर्धवट घेतली का अजिबात सोडली, निव्वळ शून्य छापलं का उणे, हा नियम कुणाच्या तोंडातून नीट निघत नाही. डेटाच्या कॉपीत एकाच शेतकऱ्याची कपात शंभर-शंभरनं वाढवत जा आणि प्रत्येक वेळी जुना रिपोर्ट काढा, कपातींचा क्रम आणि शेवटच्या कपातीचं वागणं आपोआप समोर येतं. हे चार-पाच रन वेगवेगळ्या गोल्डन फाईली म्हणून ठेवा, हजार शेतकऱ्यांच्या एका मोठ्या फाईलपेक्षा त्या जास्त कामाच्या.

आणि रुंदीच्या बाहेर गेलेले आकडे. गावाची बेरीज छापायला सात जागा असतील आणि रक्कम कोटीच्या वर गेली तर फॉक्सप्रो तिथं `*******` छापतो. मोठ्या गावांत हे होतंच, मग अकाउंटवाले पेनानं आकडा लिहितात. नव्यानं तारे छापावेत असं कुणी म्हणणार नाही, पण हा फरक टेस्टमधून वगळायचा म्हणजे सगळ्या बेरजा वगळायच्या असं करू नका. ती एक गोल्डन फाईल आकडा टाकून, कारण लिहून बदला, बाकी तशाच.

टेस्ट हिरवी झाली की ती खरंच पकडते का हे पण बघा. नव्या कोडमध्ये मुद्दाम एक गोष्ट मोडा, `ROUND_HALF_UP` काढा, `old_recno` काढा, एका कपातीचा क्रम उलटा करा. प्रत्येक वेळी लाल व्हायला पाहिजे. न झाली तर तिथं तुमचा डेटा कमी आहे, त्या जागेसाठी एक इनपुट वाढवा.

शेतकऱ्यांची नावं, बँक खाती खरी असतात, ती गिटमध्ये जाऊ नयेत. पण लपवायचं काम आउटपुटवर नाही, इनपुटवर करायचं. `.DBF` च्या कॉपीत नावं आणि खाते नंबर बदला, इंडेक्स परत बनवा, आणि मग जुना प्रोग्राम चालवून त्या डेटाचा गोल्डन काढा. नावांची लांबी तेवढीच ठेवा आणि १५ अक्षरांत सारखी असलेली जोडी सारखीच राहू द्या, नाहीतर वरती एवढं शोधलेलं सगळं डेटातूनच निघून जाईल.

शेवटी चालू हंगामात दोन्ही सिस्टीम शेजारी चालवायचा एक पंधरवडा येतोच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळं फरक शोधत बसायला त्या वेळी वाव नसतो. ते पंधरवडा बिल जुन्यातूनच जाऊ द्या. त्या दिवशीचा डेटा फोल्डर बिल छापायच्या आधी कॉपी करून ठेवा, छापल्यावरचा नाही, कारण छापल्यावर काउंटर आणि कपाती हललेल्या असतात. नवं त्या कॉपीवर निवांत चालवून जुळवा, आणि जो फरक निघेल त्याचा शेतकरी शोधून तेवढ्याच डेटाची नवीन छोटी गोल्डन फाईल बनवा.